साडेनऊ तास वजा करून भागत नाही

वेगवेगळ्या शहरांच्या वेळा एका तक्त्यात दाखवणाऱ्या मीटिंग प्लॅनरवर मी लेख लिहिला होता. त्यावर आलेली एका वाचकाची प्रतिक्रिया: «पुण्याच्या वेळेतून साडेनऊ तास वजा केले की न्यूयॉर्क, साडेचार वजा केले की लंडन. शाळेतली वजाबाकी येत असेल तर मीटिंग प्लॅनर कशाला लागतो? त्या लाल-हिरव्या चौकटीत कुणाचं जेवण, कुणाच्या मुलांची शाळा काही दिसत नाही. मोबाईलवर तर तक्ता वाचताही येत नाही. उगाच लांबवलेला लेख.»

नमस्कार. मोबाईलच्या उभ्या स्क्रीनवर तो तक्ता अर्धा कापला जातो, हे तुमचं म्हणणं मान्य. फोन आडवा धरावा लागतो. पण शाळेतली वजाबाकी काढायची गरज नव्हती. तुम्हाला मुद्दा मांडायचा होता, तर तो समोरच्याला अडाणी न ठरवताही मांडता आला असता.

हिंजवडीत मी अनेक वर्षं सपोर्टचं काम केलं आहे, आणि तुमचा हा आकडा आमच्या भिंतीवर छापून लावलेला होता. एका नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या क्लायंटने सकाळी ९ ची मीटिंग ठेवली. आमच्या टीमने भिंतीवरचा आकडा धरला, साडेसहाला कॉलवर बसली, वीस मिनिटं वाट पाहिली आणि मीटिंग रद्द झाली असं समजून कंपनीची बस पकडली. न्यूयॉर्कची मंडळी आली पुण्याच्या साडेसातला. पुढचे काही आठवडे त्या क्लायंटशी बोलताना काय ऐकून घ्यावं लागलं, ते मी ऐकलं आहे. तुम्ही नाही.

साडेनऊ हा आकडा फक्त अमेरिकेत उन्हाळी वेळ असते तोवरच खरा. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेते. ब्रिटन हेच मार्चच्या शेवटच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी करतं. आपण काहीच बदलत नाही. म्हणून हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं आणि लंडन साडेपाच. शिवाय दोन्ही देश एकाच दिवशी घड्याळ हलवत नाहीत, त्यामुळे मधले काही दिवस त्यांचा आपसातला हिशोबही बिघडतो.

यंदाचा, २०२६ चा मार्च घ्या. प्लॅनरमध्ये पुणे, लंडन, न्यूयॉर्क ही शहरं टाका आणि तारीख २ मार्च ठेवा. न्यूयॉर्कचे सकाळी ९ म्हणजे लंडनचे दुपारी २ आणि पुण्याचे संध्याकाळी साडेसात. आता तारीख १६ मार्च करा. न्यूयॉर्क ८ तारखेला पुढे सरकलं, लंडन अजून जागेवर आहे. तेच ९ वाजता लंडनमध्ये दुपारचा १ वाजतो, पुण्यात साडेसहा. ३० मार्च टाका: पुणे साडेसहालाच, पण लंडन पुन्हा २ वर. कॅलेंडरमधलं दर आठवड्याचं निमंत्रण न्यूयॉर्कच्या वेळेने बांधलं असेल, तर लंडनच्या माणसाची मीटिंग तीन आठवडे ऐन जेवणाच्या वेळेत येते, आणि त्यात त्याने काहीच बदललेलं नसतं. जेवण दिसत नाही म्हणता ना? लंडनच्या रांगेत १ दिसला की जेवण दिसलं.

म्हणूनच लेखात मी तारखेवर इतकं लिहिलं. प्लॅनर उघडला की आजचा दिवस दाखवतो. तो तेवढाच पाहून सहा महिन्यांची मीटिंग ठरवली, तर तुमच्या वजाबाकीत आणि टूलमध्ये काही फरक राहत नाही. मालिकेची पहिली तारीख, घड्याळबदलाच्या मधली एक आणि त्यानंतरची एक, अशा तीन तारखा बदलून पाहायच्या. आणि शहराचं नाव टाकायचं, EST नाही. EST ही न्यूयॉर्कची हिवाळी वेळ. काही टूल ती वर्षभर UTC-5 अशीच धरतात, मग जुलैत न्यूयॉर्क एक तास चुकीचं दिसतं. भारताच्या वेळेसाठी IST लिहिलं तर इस्रायलचा माणूस ती त्याच्या देशाची वेळ समजू शकतो.

मुलांची शाळा कोणतंच टूल दाखवणार नाही. ते माणसाला विचारायचं असतं, आणि त्यावर मी लेखात काही दावा केलेला नाही. लेख लांब वाटला, तर अर्ध्यात सोडायला तुम्ही मोकळे होता.

तुमच्या साडेनऊ-साडेचारवर अजूनही विश्वास असेल, तर सोमवार २६ ऑक्टोबर टाकून बघा. लंडन आदल्या दिवशी मागे गेलेलं असेल, न्यूयॉर्क १ नोव्हेंबरला जाईल. त्या आठवड्यात साडेनऊ बरोबर निघेल, साडेचार चुकेल. २ नोव्हेंबरपासून दोन्ही चुकतील. त्यानंतर इथे येऊन लिहा, मी उत्तर देईन. फक्त भाषा जरा नीट ठेवा.