आधी मूळ फोटो पाहा

"आजीच्या फोटोले ऑइल पेंटचा इफेक्ट देला तर चेहरा मातीच्या गोळ्यावानी दिसते, काऊन?"

भाऊ, फोटो व्हॉट्सअॅपवरून आलेला असन तर आधी तो १०० टक्के झूम करून पाहा, गालावर बारीक चौकोन दिसतीन, जेपीईजी फोटो ८ बाय ८ पिक्सेलच्या तुकड्यात दाबते ना, अन् फिल्टर त्या चौकोनाच्या कडाच ब्रशचे फटकारे समजून ठळक करते. माह्या मावशीच्या फोटोत पुरा चेहरा १५० पिक्सेलचा होता, डोळा २० चा, अन् ब्रश त्याहून जाड, मंग डोळा उरन कसा? फोटो मोठा करून भागत नाही, गेलेले बारकावे येत नाहीत. मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून मागवा, इफेक्ट वेगळ्या लेयरवर ठेवून ओपॅसिटी ४०-५० वर आणा, अन् डोळे-ओठांवरून मास्कनं पुसून घ्या. नऊवारीच्या काठावर मात्र जोरात राहू द्या, तिथं लय खुलते.