गाडलेला उंबरा

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि घरी सोडताना डॉक्टरांनी औषधांच्या यादीखाली एक ओळ लिहिली: 'बाथरूमचा उंबरा काढा.' औषधं पंधरा दिवसांत संपली. ही ओळ मला अडीच महिने पुरली.

कोथरूडमधला आमचा फ्लॅट १९८८ सालचा. बाथरूम चार फूट बाय सात फूट. दारातून आत गेलं की मधे कमोड, आणि शेवटच्या तीन फुटांत अंघोळ. दारात तीन इंच उंचीचा कडप्प्याचा उंबरा, ज्याच्यावर घरातल्या प्रत्येकाचा अंगठा एकदा तरी ठेचला आहे. मला वाटलं, छिन्नी-हातोडा आणि दहा मिनिटांचं काम.

मिस्त्री उंबऱ्यासमोर उकिडवे बसले. "काढतो की साहेब. पण मग पाण्याला थांब म्हणणार कोण?"

तेव्हा लक्षात आलं की बाकीची फरशी इतकी वर्षं नुसती बसून होती. सगळी नोकरी उंबरा एकटा करत होता. तो निवृत्त झाला की त्याचं काम अख्ख्या जमिनीला वाटून द्यावं लागणार, आणि जमिनीला काम करायला लावायचं म्हणजे ढाळ द्यायचा.

ढाळाच्या बाबतीत मिस्त्री मोकळ्या हाताचे निघाले. "भरपूर देतो, पाणी धावत जाईल." पाणी धावेल हो, पण त्याच्यामागे वॉकरही धावेल. प्लॅस्टिकचं स्टूल डगमगेल, आणि ओल्या पायाने उतारावर उभं राहून आई साबण शोधेल. मग ठरलं असं: अंघोळीच्या तीन फुटांत पन्नासाला एक, म्हणजे मीटरमागे वीस मिलिमीटर. नऊशे मिलिमीटरला अठरा. उरलेल्या चार फुटांत पाणी फक्त शिंतोड्यांचं, तिथे शंभराला एक पुरे, म्हणजे बारा. एकूण तीस मिलिमीटर. पॅसेजची फरशी शून्य धरायची आणि तिथपासून समोरच्या भिंतीपर्यंत जेमतेम सव्वा इंच उतरायचं. हा हिशेब मी वीजबिलाच्या पाठीवर केला. तो कागद मिस्त्रींनी उलटा धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "बिल जास्त आलंय."

हा सव्वा इंच आम्हाला मिळाला, कारण आमच्या बाथरूमचा स्लॅब मुळातच खाली बसवलेला, आणि वरचा खड्डा वीटतुकड्यांच्या कोब्याने भरलेला. कोबा फोडला की जागा झाली. ज्यांचा स्लॅब सपाट आहे, त्यांनी दारात छोटा उतार करून आतली फरशी वर घ्यावी. स्लॅब खरवडायच्या भानगडीत पडू नये, कारण त्याच्या आत सळया असतात आणि खाली शेजारी असतात.

पुढचं भांडण टाइल्सचं. बायकोने बोहरी आळीतून येताना वाटेत दोन बाय चार फुटांच्या टाइल्स पसंत केल्या होत्या, आणि नहाणीची जाळी होती अंघोळीच्या जागेच्या मधोमध. मधे जाळी म्हणजे चारी बाजूंनी ढाळ आत. एवढी मोठी टाइल चार दिशांना वाकत नाही. तिला लिफाफ्यासारख्या तिरक्या चिरा द्याव्या लागतात, नाहीतर कोपरे वर राहून अंगठ्याला नवा उंबरा तयार. मग एकतर छोट्या टाइल्स घ्या किंवा जाळीची जागा बदला. बायको बदलायला तयार नव्हती, म्हणून जाळी बदलली. समोरच्या भिंतीलगत चार फुटांची लांब, स्टीलची मोरी केली. आता अख्खी जमीन पत्त्याच्या पानासारखी एकाच दिशेला कलते, टाइल अखंड बसते, आणि डक्ट त्याच भिंतीमागे असल्याने पाइपही आखूड झाला. चकचकीत टाइल मात्र मी हाणून पाडली. खरबरीत घेतली. घरात निदान एक लढाई जिंकलेली असावी.

मिस्त्रींचा बेत होता की कोबा सपाट करायचा, त्यावर वॉटरप्रूफिंग मारायचं आणि ढाळ वरच्या मालात काढायचा. मी आडवा पडलो. पाणी टाइलवरून वाहतं तसं सांध्यांमधून खालीही झिरपतं, आणि खालचा थर सपाट असला की तिथेच मुक्काम ठोकतं. महिनाभराने सांधे काळे पडतात आणि बाथरूमला ओल्या गोणपाटाचा वास येतो. म्हणून ढाळ आधी कोब्यालाच दिला. मग भिंती आणि जमीन मिळतात तिथे सगळीकडे गोल वाटा काढला, कारण काटकोनात लेप हमखास तडकतो. कोपऱ्यांत जाळीचं कापड दाबलं आणि दोन हात लेप, दुसरा पहिल्याला आडवा. शॉवरच्या भिंतींवर तो डोक्याच्या वर नेला, बाकी ठिकाणी फूटभर. मोरीच्या कडेवर लेप आत उतरवला, म्हणजे झिरपलेलं पाणीही मोरीतच पडेल.

राहिलं दार. इथे खरी मेख. झिरपलेलं पाणी ढाळ मानतंच असं नाही. टाइलखालच्या मालातून ते वातीतल्या तेलासारखं उलटंही चढतं आणि दाराखालून पॅसेजमध्ये जातं. जुन्या लाकडी चौकटीचे पाय खालून बिस्किटासारखे झाले होते, ते असेच. मिस्त्रींनी ग्रॅनाइटची एक पातळ पट्टी दाराच्या रेषेत कोब्यामध्ये उभी गाडली, इपॉक्सीत, चौकटीच्या एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत. तिचा माथा टाइलच्या पोटाला टेकेल इतकाच वर. लेप त्या पट्टीवर चढवला, दोन्ही टोकांना चौकटीच्या पायांवर वळवला. वरून टाइलचा सांधा नेमका पट्टीवर आणला आणि त्यात ग्राउटऐवजी लवचिक सीलंट भरलं.

आई वॉकर धरून बघत होती. "उंबरा टाकून दिलात?"

"नाही आजी," मिस्त्री म्हणाले, "खाली पुरलाय."

टाइल्स बसवण्याआधी पाणी भरून ठेवायचं होतं. इथे मी जवळजवळ फसलो. मोरी बोळ्याने बंद करून पाणी सोडलं, तर भिंतीपाशी तीस मिलिमीटर साठलं आणि दारापाशी शून्य. म्हणजे जिथली भीती, तिथे परीक्षाच नाही! मग दाराबाहेर, पट्टीच्या पलीकडे, विटा आणि सिमेंटचा तात्पुरता बांध घातला आणि पट्टी बुडेल इतकं पाणी भरलं. भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली. अठ्ठेचाळीस तास खालच्या काकू दर तीन तासांनी आपलं छत बघून फोन करत होत्या. "अजून काही नाही," असं त्या जरा निराश आवाजातच सांगत. रेघेखाली पाणी केसभर उतरलं, तेवढं हवेत उडणारच. बांधाची बाहेरची बाजू कोरडी ठणठणीत.

शेवटची परीक्षा बाबांची. शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर सोडतो, ते मोरी आरामात गिळते. पण बाबा अंघोळीच्या शेवटी 'हर हर गंगे' म्हणत अर्धी बादली एका दमात अंगावर ओततात. हे कुठल्याच कॅटलॉगमध्ये नसतं. मी पॅसेजमध्ये गुडघ्यांवर बसून वाट बघत होतो. लाट कमोडला वळसा घालून आली, दारापासून हातभर अंतरावर थबकली, चढ बघून विचारात पडली आणि परत फिरली.

दुसऱ्या दिवशी आई पहिल्यांदा एकटी आत गेली. दाराशी थांबली, वॉकर उचलून पलीकडे ठेवला आणि सपाट जमिनीवर पाय चांगला तीन इंच वर घेतला.

"आई, काही नाहीये तिथे!"

"आहे," ती म्हणाली. "खाली आहे. पाय लागेल त्याला."