माना टाकलेले वीस गुलाब

आत्याच्या पंचाहत्तरीला मी पुण्याहून नाशिकला वीस गुलाब पाठवले. खोकं उघडून तिने फोन केला, "अरे, फुलं फार नम्र आहेत रे. वीसच्या वीस खाली बघतायत."

पैसे परत हवेत तर फुलं पोचवणाऱ्या कंपनीला चोवीस तासांत फोटो: पत्त्याच्या लेबलसकट खोकं, सगळा गुच्छ, एक फूल जवळून आणि देठांची टोकं. म्हणजे पैसे माझे, पुरावा आत्याकडे.

पहिला फोटो आला. पैठणी, नथ, प्रसन्न आत्या.

"फुलं कुठायत?"

"पाठीमागे लपवलीत. असली मरतुकडी फुलं पाठवलीस हे चारचौघांना दाखवू?"

"चारचौघांना नाही गं, कंपनीला!"

"ते काय परके नाहीत?"

दुसरा फोटो शेजारच्या नातवाने काढला. त्या कार्ट्याच्या फोनने रंग असे खुलवले, की गुलाब लग्नाला निघालेत असं वाटावं. लेबल? ते फाडून तिने त्यावर दुधाचा हिशेब मांडला होता. शिवाय सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या फोटोसारखं आलेलं, त्यामुळे काढल्याची मूळ वेळ पुसलेली. 'डॉक्युमेंट म्हणून पाठव' हे समजावताना मीच कोमेजलो.

तासाभराने फोन केला तर बाई म्हणाल्या, "मी त्यांची सोय केली."

सोय म्हणजे, देठ पाण्यात बुडवून आतल्या आत बोटभर तिरके कापले, फुलं वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळली आणि गळ्याइतक्या पाण्याच्या बादलीत उभी केली. मान टाकलेला गुलाब मेलेलाच असतो असं नाही, बरेचदा तो तहानलेला असतो. प्रवासात कापलेल्या देठात हवा शिरते, पाणी वर चढत नाही आणि फुलाखालचा कोवळा भाग वाकतो. पाकळ्या घट्ट असतील तर बहुधा वाचतो. कडा तपकिरी पडून बोटाला लिबलिबीत लागल्या, तर संपलं. आत्याला हे सगळं ठाऊक. मला मात्र ती फुलं दोन तास मेलेली हवी होती. पुढच्या वेळी आधी फोटो, मग माणुसकी.

संध्याकाळी तेरा ताठ उभे, सात गेलेले. उरलेले फोटो आत्याने काढले ते त्या तेरांचे.

"सर, फुलं तर छान दिसतायत," मदत केंद्रातली मुलगी म्हणाली.

"ती आत्याने जिवंत केली."

"म्हणजे प्रॉब्लेम सुटला ना, सर?"

काय बोलणार? त्या मुलीला दोष नाही, तिच्यासमोर पैठणी होती. पण खोक्यात पाण्याची एक कुपीही न ठेवता गुलाब रात्रभर ट्रकमध्ये कोंबणाऱ्यांना कोणी फोटो मागत नाही, याचा राग अजून जात नाही.

शेवटी नव्वद रुपयांचं कुपन मिळालं. तीस दिवसांत वापरायचं, तेही फक्त फुलांवर. घरातला पुढचा वाढदिवस आठ महिन्यांनी आहे. आत्याने त्या साताचा गुलकंद करू का विचारलं. बाजारातल्या गुलाबांवर फवारणी असते म्हणून नको म्हटलं, तर म्हणाली, "मग कंपनीला पाठवते."