‘९९९ भरा, महिन्याला २५ हजार कमवा’ या मेसेजला उत्तर

“दहावी-बारावीच्या मुलांनो, भांडवल नको, फक्त मोबाइल हवा! १) घरबसल्या टायपिंग, रजिस्ट्रेशन फक्त ९९९, महिना २५,००० पक्के. २) बँक खातं वापरायला द्या, प्रत्येक व्यवहारावर कमिशन. ३) यूट्यूब चॅनेल काढा, पहिल्या महिन्यापासून पैसे.”

हा मेसेज माझ्या अकरावीतल्या भाच्याला क्लासच्या ग्रुपवर आला. त्याने भरायच्या आधी विचारलं, त्याच्या मित्राने मात्र भरले. आता त्या मुलाला ‘वकिलाची नोटीस’ आली आहे आणि भीतीने तो घरी काही बोलत नाही. म्हणून हे लिहितो आहे.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक आहे. पैसे भरले की मोबाइलवर एक ॲग्रीमेंट येतं, त्यावर बोटाने सही करायची. मग शेकडो फॉर्मचे फोटो येतात. ते मुद्दाम धूसर ठेवलेले असतात, शून्य आणि इंग्रजी ‘ओ’ यांतला फरकही दिसत नाही. मुदत चार-पाच दिवसांची आणि अट नव्वद टक्के अचूकतेची. काम पाठवलं की हमखास ‘नापास’ असा शेरा येतो, पण चूक नेमकी कुठे झाली ते कधीच दाखवत नाहीत. त्यानंतर करार मोडल्याबद्दल काही हजारांचा दंड, नाहीतर कोर्टात खेचू अशी धमकी. ९९९ हे नुसतं आमिष असतं, खरी कमाई या दंडातून होते.

मुलांनो, हे नीट समजून घ्या. भारतीय करार कायदा १८७२, कलम ११ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या व्यक्तीला करार करताच येत नाही. मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या काळच्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, निकाल दिला की अठरा वर्षांखालच्या व्यक्तीने केलेला करार मुळापासूनच रद्द असतो. तिथे तर घर गहाण ठेवून घेतलेल्या कर्जाचा प्रश्न होता, तरी सावकाराला ते वसूल करता आलं नाही. बोटाने केलेल्या सहीवर तुमच्याकडून कोण काय वसूल करणार? दंडाचा एक रुपयाही देऊ नका. चॅट आणि नोटीस जपून ठेवा, आईबाबांना सांगा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरवर तक्रार करा. मात्र सही करताना आई-वडिलांचं आधार कार्ड किंवा नाव दिलं असेल, तर गुंता वाढतो. अशा वेळी खऱ्या वकिलाला नोटीस दाखवावी.

दुसऱ्या मुद्द्यात व्यवसाय कुठेच नाही, तो गुन्ह्यातला सहभाग आहे. लुबाडलेले पैसे फिरवायला अशी खाती लागतात. तक्रार झाली की खातं गोठतं आणि पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात.

तिसरा मुद्दा तर नियमांतच बसत नाही. जाहिरातींच्या पैशासाठी यूट्यूबला १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तासांचं पाहणं लागतं (शॉर्ट्सची अट वेगळी), आणि अठराच्या आत असाल तर पैसे पालकाच्या खात्यावरून घ्यावे लागतात.

एवढं मात्र नाइलाजाने मान्य करतो, की मोबाइलवर टायपिंग करून पैसे मिळतात. फक्त ते ओळखीच्या माणसांकडून मिळतात आणि त्यासाठी आधी काही भरावं लागत नाही. शाळेत नीट शिकलेलं मराठी शुद्धलेखन इथे कामाला येतं. बचत गटाचं इतिवृत्त, लग्नाचा बायोडाटा, एखाद्या आजींची पाककृतींची वही, असं हे काम.

समजा वही चाळीस पानांची आहे आणि पानावर दोनशे शब्द आहेत. सराव झालेल्या हाताला एका पानाला बारा-तेरा मिनिटं लागतात, तपासायला सात-आठ, म्हणजे वीस मिनिटं धरा. पानाला वीस रुपये घेतले तर तासाला साठ होतात. सगळ्या वहीचे आठशे, आणि रोज तासभर बसलं तर दोन आठवडे. पंचवीस हजारांच्या जवळपासही हे जात नाही, आणि तसं कुणी सांगूही नये.

बोलून टाइप केलं तर वेळ वाचतो, पण तपासणी वाढते. विरामचिन्हं गळतात, आडनावं बदलतात, ‘पाऊण चमचा’चं ‘पाव चमचा’ झालं तर पदार्थच बिघडतो. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं का, हे प्रत्येक पानावर बघावं लागतं. म्हणून वाचताना मूळ वही शेजारी हवी, आणि आकडे वेगळे एकदा तपासावेत.

पहिलं पान करून दाखवा, दर तेव्हाच ठरवा, दुरुस्तीची एक फेरी त्यातच धरा. काम पीडीएफमध्ये द्या, म्हणजे दुसऱ्याच्या फोनवर मांडणी विस्कटणार नाही. बायोडाटा असेल तर त्यात जन्मतारीख आणि फोन नंबर असतो, त्यामुळे पैसे हातात आले की आपल्या फोनमधली प्रत पुसून टाका.