★ बटण आणि वायरिंगची भीती

“स्टिअरिंगवरच्या ★ बटणाचं काम बदलू नका! वायरिंगमध्ये ढवळाढवळ होते, वॉरंटी जाते. कॅमेरा रिव्हर्स टाकला की आपोआप येतोच, त्याला बटण कशाला? आणि चुकून दाबलं गेलं तर भर हायवेवर नकाशा जाऊन कॅमेरा येईल.”

आमच्या दादरच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज तीनदा येऊन गेला, म्हणून लिहितोय. ★ म्हणजे आपल्याला हवं ते काम नेमून देता येणारं बटण; माझ्या गाडीत मी त्याला पुढच्या कॅमेऱ्याचं काम दिलंय.

वायरिंगचा इथे संबंधच नाही. बटण दाबलं की फक्त ‘★ दाबलं’ एवढाच निरोप स्क्रीनच्या यंत्रणेकडे जातो. त्या निरोपाचं काय करायचं, ते यंत्रणा आपल्या सेटिंगमध्ये बघून ठरवते. आपण बदलतो ती एवढी एक नोंद, तीही कंपनीनेच दिलेल्या मेनूतून. वॉरंटी कशाने जाणार? बाहेरचा स्टिरिओ बसवताना स्टिअरिंगवरच्या बटणांच्या तारा जोडाव्या लागतात. भीती बहुधा तिथूनच आली असावी, पण ते काम वेगळं.

कॅमेऱ्याचं मात्र नीट समजून घ्या. आपोआप येतो तो मागचा. पुढचा सहसा आपण मागितल्याशिवाय येत नाही, आणि मुंबईत अडतं ते पुढेच. आमच्या गेटच्या दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतात. बॉनेट रस्त्यावर येईपर्यंत डावीकडची बाईक दिसतच नाही. पुढच्या कॅमेऱ्याचं भिंग गाडीच्या पुढच्या टोकाशी असतं, म्हणजे ते माझ्या डोळ्यांच्या कितीतरी आधी रस्त्यावर पोचते. कॅमेऱ्याचं मूळ बटण गिअरपाशी, तिथे खाली बघावं लागतं. ★ अंगठ्याखालीच असतं.

माझ्या गाडीत बदल असा केला: गाडी पार्कमध्ये, ★ दाबून धरलं, यादी आली, त्यातला कॅमेरा निवडला. मग एकदा टिचकी मारून पाहिलं. ह्युंदाई आणि कियाच्या ★ असलेल्या बऱ्याच गाड्यांत हीच रीत आहे. यादीत कॅमेरा दिसलाच नाही, तर त्या मॉडेलमध्ये ती सोय नाही असं समजा. त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

हायवेचं म्हणाल तर तिथे पुढचा कॅमेरा टिकतच नाही. माझ्या गाडीत ताशी 10 किलोमीटरच्या वर गेलं की दृश्य आपसूक बंद होतं. माझा भाऊ यालाच ‘बटण बिघडलं’ समजून सर्व्हिस सेंटरला निघाला होता! उभ्या गाडीत दाबून बघा. तिथे चालत असेल तर बिघाड नाही. तिथेही भलतंच काही उघडलं, तर सेटिंग रिसेट झालंय का ते आधी बघा.

काहीजण ★ ला बोलून हुकूम द्यायचं, म्हणजे व्हॉइसचं काम देतात. पण व्हॉइससाठी बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगवर वेगळं बटण असतंच. ★ त्यातच घालवायचं असेल तर घालवा, पण काच खाली करून लालबागच्या ट्रॅफिकमध्ये ‘घरी फोन लाव’ एकदा म्हणून बघा.