इंग्रजीतलं ‘यू’, फारसीतलं ‘शोमा’

“तुमची पोरं इंग्रजीतच विचार करतात. उद्या तुमच्या मागे चार शब्द बोलायची वेळ आली, तर काय इंग्रजीत रडणार?”
– पुण्याचा मावसभाऊ, घरच्या ग्रुपवर

पहिलीपासूनच्या हिंदीवरून तिकडे रान पेटलं होतं तेव्हाचा हा टोमणा. जून २०२५ मध्ये सरकारने आदेश मागे घेतले, पण आमचा ग्रुप काही थंड झाला नाही. मी तेव्हा गप्प बसलो. नंतर इथे लॉस एंजेलिसमध्ये एका इराणी सहकाऱ्याचे वडील गेले, आणि उत्तर सुचलं.

हा मुलगा इथलाच. आईवडील १९७९ च्या क्रांतीनंतर इकडे आलेले. त्याला फारसी समजते, जेवणापुरती बोलता येते, वाचता मुळीच येत नाही. वडिलांवर त्याने दीड पान लिहिलं ते इंग्रजीत. शोकसभेला येणारे निम्मे लोक मात्र फारसीवाले. मग फारसी करायचं काम अम्मेकडे, म्हणजे त्याच्या आत्याकडे गेलं. बाई तिकडे शाळेत शिकवायच्या. मी डबा पोचवायला गेलो, तेव्हा दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलावर पहिल्याच ओळीपाशी अडून बसले होते.

ओळ साधी होती: बाबा, तू मला गाडी शिकवलीस. पण हे ‘तू’ माझं. इंग्रजीतल्या ‘यू’ला अरे की अहो ते ठरवावं लागत नाही. फारसीत ठरवावंच लागतं: ‘तो’ म्हणजे तू, ‘शोमा’ म्हणजे तुम्ही. अम्मेचं म्हणणं, चारचौघांत बापाला ‘शोमा’च. मुलगा म्हणाला, मी त्यांना आयुष्यात कधी ‘शोमा’ म्हटलं नाही, ते ऐकून त्यांनाच हसू आलं असतं. मला आमचं घर आठवलं. मी वडिलांना “अहो बाबा” म्हणायचो, माझी मुलगी मला “ए बाबा” म्हणते. शेवटी निवाडा असा झाला, की वडिलांशी थेट बोलायच्या ओळी ‘तो’मध्ये आणि त्यांच्याविषयी सांगायच्या ओळी आदरार्थी बहुवचनात. आपण नाही का, समोर “ए आई” आणि पाहुण्यांत “आई म्हणाल्या” करत!

पुढची अडचण गाडीच्या किल्लीच्या किश्श्याची. आईने किल्ली लपवली, वडिलांनी शोधली, तिने पुन्हा लपवली. फारसीत तो आणि ती दोघांनाही ‘ऊ’. सरळ भाषांतर केलं तर कोण लपवतंय आणि कोण शोधतंय याचा पत्ता लागेना. अम्मेने प्रत्येक ठिकाणी ‘आई’ आणि ‘बाबा’ घातलं. किस्सा लांबला, पण समजला.

खरं भांडण झालं ते ‘हट्टी’ या शब्दावर. इंग्रजी श्रद्धांजलीत माणसाचे दोष लाडाने सांगतात, लोक हसतात, आणि त्या हसण्यातूनच माणूस उभा राहतो. मुलाने लिहिलं होतं: माझे बाबा भयंकर हट्टी होते. फारसीत त्याला सरळ शब्द ‘लजबाज’. अम्मेने लिहिला ‘मोसम्मम’, म्हणजे निश्चयी. आपल्याकडे हट्टीचं जिद्दी करावं तसं. कारण विचारलं तर म्हणाली, आबरू. आपली अब्रू तिथूनच आली आहे, त्यामुळे मला फोड करून सांगावं लागलं नाही. मुलगा चिडला: तू माझ्या बाबांना इस्त्री करते आहेस. मला दोघंही पटत होते. ‘मोसम्मम’ राहिला, पण गाडीच्या घोळाचा किस्साही राहिला, आणि तो ऐकून हट्ट कुणालाही कळलाच असता.

सभेत तो एक परिच्छेद वाचायचा, मग ती. प्रत्येक विनोदाला हशा दोनदा, आधी पोरांचा, मग म्हाताऱ्यांचा. त्यामुळे वेळ दुप्पट लागला. हलवा, खजूर आणि चहा थांबून राहिले. शेजारी बसलेले आमचे मराठी काका कुजबुजले, “आमच्या अण्णांच्या तेराव्याला भाषणं नव्हती, नुसतं जेवण.” म्हटलं, काका, हे तेरावं नाही.

ती पुतण्याच्या वतीने वाचत होती, म्हणून कागदावर सगळीकडे ‘पेदरम’, माझे वडील. शेवटच्या परिच्छेदात मात्र ती ‘बरादरम’ म्हणाली. माझा भाऊ. तिथेच थांबली. मुलाला तेवढी फारसी येत होती. त्याने दुरुस्त केलं नाही, पाण्याचा पेला पुढे केला.

पोरांना भाषा यावी हे मावसभावाचं म्हणणं मला मान्य आहे. अर्धं पान जरी त्याला स्वतः फारसीत वाचता आलं असतं, तर मलाही आवडलं असतं. पण इंग्रजीत लिहिलं म्हणून दुःख उसनं झालं, हे मात्र मला तिथे दिसलं नाही. आणि अम्मेच्या जागी पैसे देऊन आणलेला दुभाषा असता, तर तो ‘तो’ आणि ‘शोमा’वर भांडला असता का?

मी ग्रुपवर लिहिलं: “रडेल इंग्रजीत. मराठीत सांगायला तू येशील ना?”

उत्तर आलं, “येईन. तिकीट कोण काढणार?”