लिव्हरमधली हायडॅटिडची गाठ: त्या फिरणाऱ्या मेसेजमधलं काय चुकलंय

"कुत्र्याचा केस पोटात गेला की लिव्हरमध्ये पाण्याची गाठ होते. सोनोग्राफीत दिसली की लगेच ऑपरेशन करा, नाहीतर गाठ फुटून माणूस जागच्या जागी जातो. ऑपरेशन नको असेल तर सुईने पाणी काढून घ्या आणि जंताची एक गोळी घ्या. घरातला कुत्रा आजच बाहेर सोडा."

आधी केसाचं बघू. केसातून गाठ होत नाही, हायडॅटिडची ही गाठ होते ती एकिनोकॉकस नावाच्या टेपवर्मच्या अंड्यातून. हा जंत कुत्र्याच्या आतड्यात राहतो, लांबी जेमतेम ३ ते ६ मिलिमीटर, आणि कुत्रा बघायला एकदम ठणठणीत असतो. अंडी बाहेर पडतात त्याच्या शीतून, तिथून माती, गवत, भाजीपाला, पाणी. हां, अंडी कुत्र्याच्या अंगावरच्या केसांना चिकटतात हे खरं, म्हणून कुत्र्याला कुरवाळून तसेच हात न धुता जेवायला बसलं तर अंडं पोटात जाऊ शकतं, पण तेव्हाही दोष अंड्याचा असतो. नुसता केस गिळला म्हणून काही होत नाही. पोटात गेल्यावर अंडं लहान आतड्यात फुटतं, आतली अळी आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते आणि आतड्यातलं रक्त पहिलं लिव्हरमध्येच येतं, म्हणून बहुतेक अळ्या तिथेच अडकतात, काही पुढे फुप्फुसात जातात. मग गाठ इतकी हळू वाढते की कित्येक वर्षं पेशंटला पत्ताच नसतो. आणि मटण खाऊन हा आजार माणसाला होत नाही. मटणाचा संबंध कुत्र्याशी आहे, त्यावर शेवटी येतो.

आता सोनोग्राफी, कारण सगळा घोळ इथेच आहे. लिव्हरमध्ये पाणी भरलेली गाठ दिसली म्हणजे हायडॅटिडच असं अजिबात नाही, साधी सिस्ट खूप लोकांना असते आणि तिला बहुतेक वेळा काहीच करावं लागत नाही. हायडॅटिडची गाठ ओळखतात ती भिंतीवरून आणि आत काय दिसतं त्यावरून. २००३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने तिच्या अवस्था ठरवून दिल्यात, आणि रिपोर्टमध्ये गाठीच्या सेंटिमीटरबरोबर ही अवस्था लिहिलेली असणं फार गरजेचं आहे. सीई-१ म्हणजे एकच पोकळी, भिंतीला दुहेरी रेघ, आणि पेशंटला कुशीवर वळवलं की आत बारीक कण उसळताना दिसतात, त्याला हायडॅटिड सँड म्हणतात. सीई-२ मध्ये मोठ्या गाठीच्या पोटात लहान लहान गाठी भरलेल्या असतात, प्रत्येकीची भिंत वेगळी. सीई-३ए मध्ये आतला पापुद्रा सुटून पाण्यात तरंगतो, सीई-३बी मध्ये घट्ट मालात मध्ये मध्ये लहान गाठी, म्हणजे तिची पिल्लं, दिसतात. सीई-४ ला पाणी संपून आत सगळं घट्ट गुंतवळ्यासारखं दिसतं, आणि सीई-५ ला भिंतीत चुना साठतो. शेवटच्या दोन अवस्थांमध्ये जंत बहुतेक मेलेला असतो. पोकळी आहे पण यातली कुठलीच खूण नाही असं असेल तर रक्ताची अँटिबॉडी टेस्ट करतात, पण ती निगेटिव्ह आली तरी हायडॅटिड नाहीच असं म्हणता येत नाही, आणि उपचारानंतरही ती वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहू शकते, त्यामुळे नुसत्या रक्तावर कुणी निकाल देत असेल तर थांबा.

एक उदाहरण घेऊ. समजा ५५ किलो वजनाची बाई आहे, उजव्या बरगडीखाली जडपणा वाटतो, सोनोग्राफीत उजव्या बाजूला ७ सेंटिमीटरची सीई-१ गाठ. हिला अल्बेंडाझोल ही जंताची गोळी ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू करतात, तेही तेलतूप असलेल्या जेवणाबरोबर, कारण उपाशीपोटी ते रक्तात फारच कमी उतरतं. मग 'पेअर' नावाची प्रक्रिया, म्हणजे सोनोग्राफीत बघत बघत सुई आत नेऊन पाणी ओढायचं, औषध सोडायचं, परत ओढून घ्यायचं. सुई लिव्हरच्या जाड भागातून नेतात, म्हणजे गळती झालीच तर थेट पोटात होत नाही. पाणी आलं की आधी त्यात पित्त आहे का ते तपासतात, आणि ही पायरी कधीच गाळायची नाही, कारण गाठ पित्तनलिकेला जोडलेली असेल आणि औषध सोडलं तर नलिका कायमच्या खराब होऊ शकतात. पित्त नसेल तर २० टक्के मिठाचं पाणी साधारण १५ मिनिटं आत ठेवून काढून घेतात. शेजारी भूलतज्ज्ञ आणि ॲलर्जीची इंजेक्शनं तयार लागतात, कारण ते पाणी पोटात सांडलं तर बीपी कोसळू शकतं आणि पुढे पोटभर नवीन गाठी होऊ शकतात. गोळ्या नंतरही किमान महिनाभर चालू. म्हणजे मेसेजमध्ये सांगितलंय तसं कुठेही जाऊन "सुईने पाणी काढून घ्या" हे या आजारात सगळ्यात धोकादायक वाक्य आहे. आणि निदान झालेलं नसताना साधी सिस्ट समजून टोचणं तर त्याहून वाईट.

हीच गाठ ४ सेंटिमीटरची असती तर आधी नुसत्या गोळ्यांवर ३ ते ६ महिने बघितलं असतं. ७ सेंटिमीटरचीच पण सीई-२ असती तर 'पेअर' उपयोगाचं नाही, आतल्या प्रत्येक पिल्लाची भिंत वेगळी, एका सुईने सगळं रिकामं होत नाही, तिथे बहुधा ऑपरेशन, आणि त्यातही सर्जन आजूबाजूला जंतनाशक द्रावणात भिजवलेली पॅड लावूनच गाठ उघडतात. आणि सीई-५ असती आणि काही त्रास नसता तर ना गोळी ना ऑपरेशन, फक्त ठरावीक काळाने सोनोग्राफी. लगेच ऑपरेशन म्हणणाऱ्याने आधी हे विचारायला हवं की कुठली अवस्था.

फुटायची भीती खोटी नाही हे मात्र सांगतो. मोठी, लिव्हरच्या पृष्ठभागालगतची गाठ पोटाला मार लागून फुटू शकते. गाठ माहीत असताना अचानक पोटात जोराची कळ, अंगावर गांधी, दम लागणं, किंवा कावीळ आणि थंडी-ताप असं काही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल. पण शांत पडलेल्या प्रत्येक गाठीला त्या भीतीने कापायचं नसतं.

एका गोळीचं म्हणाल तर ती साध्या जंतांसाठी असते. इथे ती किमान महिनाभर, कधी महिनोन्महिने घ्यायची असते आणि त्या काळात लिव्हरची आणि पांढऱ्या पेशींची तपासणी वरचेवर करावी लागते, कारण दोन्हीवर परिणाम होऊ शकतो. गरोदर बाईने, विशेषतः पहिल्या तिमाहीत, ती टाळायची. म्हणून मेडिकलमधून स्वतःच आणून सुरू करू नका. उपचारानंतर गाठ सोनोग्राफीत लगेच गायब होत नाही, ती आक्रसते, घट्ट होत जाते, आणि पुन्हा उलटू शकते म्हणून काही वर्षं बघत राहावं लागतं.

कुत्र्याला बाहेर सोडण्याने तर उलट होतं. कुत्र्याला हा जंत येतो कुठून? मेंढी, बकरी, म्हैस यांच्या काळजात किंवा फुप्फुसात असलेल्या गाठी कच्च्या खाऊन. घरात शिजवलेलं खाणारा कुत्रा रस्त्यावर सोडला की तो खाटकाच्या दुकानामागे तेच खायला जाणार आणि शी गल्लीत करणार. त्यापेक्षा त्याला प्राझिक्वांटेल असलेलं जंताचं औषध जनावरांच्या डॉक्टरांना विचारून वेळच्या वेळी द्या, शी हातमोजा घालून उचला, कच्चं काळीज-फुप्फुस घालू नका. जत्रेला किंवा घरी बोकड कापला आणि काळजावर पाण्याची गाठ दिसली तर ते कुत्र्यापुढे फेकायचं नाही, जाळायचं किंवा कुत्र्याला उकरता येणार नाही इतकं खोल पुरायचं.